तीस चौकटींचे पान उतरवताना

मोखाड्याच्या एखाद्या पाड्याची मतदार यादी हातात घ्या. पहिली दोन-तीन पाने सोडली की प्रत्येक पानावर तीस चौकटी दिसतात, आडव्या तीन आणि उभ्या दहा. एका चौकटीत एक माणूस: वरच्या कोपऱ्यात अनुक्रमांक, शेजारी ओळखपत्राचा क्रमांक, खाली नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि उजवीकडे छायाचित्राची जागा. चौकटीची रुंदी जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर. त्यात इतके सगळे बसवायचे म्हणून अक्षर बारीक, आणि जव्हारच्या झेरॉक्स दुकानातून दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा निघालेली प्रत असेल तर अनुस्वार कुठला आणि शाईचा ठिपका कुठला तेही कळत नाही.

हे पान वहीत किंवा संगणकात उतरवायला बसलेला माणूस पहिली चूक पहिल्याच मिनिटाला करतो. तो डावा रकाना वरून खाली वाचत जातो, मग मधला, मग उजवा, कारण वर्तमानपत्र वाचायची सवय तशीच असते. यादीतले अनुक्रमांक मात्र आडवे पळतात. पहिल्या आडव्या ओळीत १, २, ३. दुसरीत ४, ५, ६. उभे वाचले की एका घरातला नवरा, बायको आणि मुलगा तीन वेगळ्या ठिकाणी जाऊन पडतात. म्हणून पेन उचलण्याआधी शेजारच्या दोन चौकटींवरचे अनुक्रमांक पाहायचे आणि वाचनाची दिशा ठरवायची.

'टाइप कशाला करायचे, फाइलमधून कॉपी करता येत नाही का?' असे तरुण मुले हमखास विचारतात. येत नाही. निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावरून आज जी यादी उतरते ती पानांच्या चित्रांची फाइल असते, तिच्यातले अक्षर निवडता येत नाही. २०१८ साली मध्य प्रदेशाच्या याद्यांवरून हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. यादी शोधता येईल अशा स्वरूपात मिळावी, ही मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. ज्याला हवे त्याने स्वतः तशी करून घ्यावी, असाच त्याचा अर्थ झाला. तेव्हा ते काम आपल्यावर आले. एखाद्या पाड्यातली कोणती घरे यादीत नाहीत, कोणाचे नाव वगळले गेले, ग्रामपंचायतीच्या प्रभागाप्रमाणे यादी फोडताना कोण चुकीच्या प्रभागात पडले, हे पाहायचे तर आधी ती यादी ओळीओळीने मांडलेली हवी.

सुरुवात चौकटींपासून करू नका. पहिले पान आणि शेवटचे पान आधी वाचा. पहिल्या पानावर मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव असते. जव्हार-मोखाड्याच्या बाबतीत ते १२९ विक्रमगड. २००८च्या पुनर्रचनेआधीच्या यादीवर तिथे जव्हार मतदारसंघ असे सापडेल, आणि २०१४च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा होण्याआधीच्या कोणत्याही यादीवर जिल्हा ठाणे. त्याखाली यादी भागाचा क्रमांक आणि त्या भागातले पाडे क्रमाने दिलेले असतात. इथे एक काम कराच. पाड्यांची ही नावे वेगळ्या कागदावर उतरवून घ्या, कारण आतल्या पानांच्या माथ्यावर तीच पुन्हा बारीक अक्षरात येतात आणि तिथे ती वाचता आली नाहीत तर हा कागद उपयोगी पडतो. पाटीलपाडा, गावठाण अशी नावे तर इतक्या गावांत आहेत की भाग क्रमांकाशिवाय नुसता पाडा लिहिलेली नोंद नंतर कुठल्या गावची ते सांगता येत नाही.

शेवटच्या पानावर आकडे असतात: पुरुष, स्त्रिया, तृतीयपंथी, एकूण. आणि मूळ यादीत किती, पुरवणीत किती वाढले, किती वगळले याचा गोषवारा. समजा मूळ यादीत ७४२ नावे, पुरवणीत ३१ वाढली आणि १९ वगळली. म्हणजे मतदार ७५४. पण शेवटच्या चौकटीवरचा अनुक्रमांक ७७३ असेल, कारण वगळलेल्या माणसाची चौकट जागेवरच राहते, तिच्यावर फक्त खूण पडते. हे गणित आधी करून ठेवले नाही, तर काम संपल्यावर ७७३ ओळी पाहून आपल्या हातून १९ नावे दोनदा लिहिली गेली असे वाटते आणि माणूस नसलेली चूक शोधत बसतो. मी एक आख्खी संध्याकाळ तशी घालवली आहे.

आता अक्षर वाचता येण्याचा प्रश्न. भिंग चालते, पण एका पानापुरते. तीस पाने भिंगातून वाचणाऱ्याचे डोळे तिसऱ्या पानालाच पाणी धरतात. त्यापेक्षा पानाचे चित्र मोठे करून पडद्यावर वाचा. मात्र मोठे करणे आणि स्पष्ट करणे यांत फरक आहे. यादीतला अनुस्वार साधारण पाव ते तीन दशांश मिलिमीटरचा असतो. दर इंचाला २०० ठिपक्यांनी स्कॅन केले तर तो अनुस्वार दोन ठिपक्यांत बसतो, म्हणजे धुळीचा कण आणि तो यांत फरक उरत नाही. ४०० ठिपक्यांनी केले तर त्याला चार-पाच ठिपके मिळतात आणि त्याचा गोलपणा दिसतो. ६००च्या पुढे फाइल फुगते, वाचन सुधारत नाही.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो, पण पूर्ण पानाचा एक फोटो काढू नका. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फोटोची लांब बाजू ४००० ठिपक्यांची असते. ए-४ पानाची उंची जवळजवळ ३० सेंटिमीटर. कडेची जागा धरून हिशेब केला तर इंचाला तीनशेच्या आसपास ठिपके पडतात, तेही हात हलला नाही तर. पान आडव्या दोन भागांत टिपले, वरच्या पाच ओळी आणि खालच्या पाच, तर तोच कॅमेरा चारशेला पोचतो. पानावर साधी काच ठेवा म्हणजे घडी दबते, आणि उजेड दोन बाजूंनी तिरका येऊ द्या. डोक्यावरच्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत मोबाइलची सावली नेमकी मधल्या रकान्यावर येते.

संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल असेल तर तिच्यातले चित्र मुळात किती बारीक आहे ते आधी पाहायला हवे:

```
pdfimages -list yadi.pdf
```

यात `x-ppi` खाली जो आकडा येईल तो खरा. तो १५० असेल आणि तुम्ही पान ४००ने बाहेर काढले तर चित्र मोठे होईल, पण हरवलेला रफार परत येणार नाही. अशा वेळी ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात लावलेली छापील प्रत पाहून घेणे हाच उपाय.

पान वाचण्याआधी ते कापायचे, हा या कामातला मुख्य भाग आहे. हाताने करणार असाल तर झेरॉक्सवर आडव्या ओळींमध्ये पेन्सिलीने रेघा मारा आणि दोन पुठ्ठ्यांच्या पट्ट्यांमध्ये एकच ओळ, म्हणजे तीनच चौकटी, उघडी ठेवा. संगणकावर करणार असाल तर आधी वरचा-खालचा मजकूर आणि समास कापून फक्त चौकटींचा गाभा ठेवा, मग त्याचे तीस समान तुकडे करा:

```
pdftoppm -r 400 -gray -png yadi.pdf pan
convert pan-05.png -crop 2900x4000+200+400 +repage gabha.png
convert gabha.png -crop 3x10@ +repage -scene 1 khana-%02d.png
```

दुसऱ्या ओळीतले आकडे तुमच्या पानाप्रमाणे बदलावे लागतील. एक पान जुळले की त्या भागाची बाकीची पाने बहुधा त्याच मापात बसतात. तुकडे आपोआप आडव्या क्रमाने पडतात, म्हणजे यादीच्याच क्रमाने. पानावर ६१ ते ९० हे अनुक्रमांक असतील तर `khana-07.png` मध्ये ६७वा मतदार मिळाला पाहिजे. पहिला, मधला आणि शेवटचा तुकडा उघडून ताळा पाहा. पान स्कॅन होताना एका अंशाने जरी तिरके झाले असेल तर वरच्या ओळीचे तुकडे बरोबर येतात आणि खालच्या ओळीत नावाचे डोके एका चौकटीत, धड दुसरीत. पाडा बदलतो तिथे पानावर तीसपेक्षा कमी चौकटी असू शकतात, तेही लक्षात असू द्या.

अक्षर ओळखणारी प्रणाली वापरायची असेल तर तीही या तुकड्यांवरच चालवा. `tesseract khana-08.png khana-08 -l mar+eng --psm 6` असे लिहिले की ती त्या तुकड्याला एकच सलग मजकूर धरून वाचते. पूर्ण पान दिले तर ती तीन माणसांची नावे एका वाक्यात शिवते, आणि ते पुन्हा उसवण्यात टाइप करण्यापेक्षा जास्त वेळ जातो. माझा अनुभव असा, की नीट छापलेल्या यादीत तिचा उपयोग होतो, तिसऱ्या झेरॉक्सवर होत नाही. आणि नावाच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवू नये, कारण पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष उतरवणे. तक्त्याचे रकाने मी असे ठेवतो: अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, लिंग, वय, खूण, नाव, नाते, नातलगाचे नाव, घर क्रमांक, शेरा. भाग क्रमांक, पान आणि पाडा तक्त्याच्या माथ्यावर. आणि हे दहा रकाने एका दमात भरत नाही. पहिल्या फेरीत फक्त पहिले पाच: अनुक्रमांक, ओळखपत्र, लिंग, वय, खूण. पूर्ण पानाचे. मग पान पुन्हा वरून सुरू करून दुसऱ्या फेरीत नाव, नाते, नातलगाचे नाव आणि घर.

लोकांना हा दुप्पट खटाटोप वाटतो. काही अंशी तो आहेच. चौकट पूर्ण भरून पुढे गेले तर ओळ सरकण्याची भीतीही कमी. पण एका दमात भरलेल्या ओळीत चूक झाली तर तिच्या विरुद्ध साक्ष द्यायला कोणी नसते. दोन फेऱ्या वेगळ्या केल्या की पहिलीतले लिंग आणि दुसरीतले नाते एकमेकांवर पहारा ठेवतात. 'पतीचे नाव' असे नाते असलेली व्यक्ती पुरुष असू शकत नाही. एवढी एक गोष्ट धरून अर्ध्याअधिक चुका सापडतात. दुसऱ्या ओळीपासून नोंदी असतील तर शेऱ्याच्या शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र घाला आणि खाली ओढा:

```
=IF(AND(G2="पती",C2="पु"),"पाहा","")
```

एका पानाचे उदाहरण घेऊ. पान पाचवे, अनुक्रमांक ६१ ते ९०. नावे मी मनाने घेतली आहेत, घोटाळा मात्र खरा, माझ्याच हातचा. पहिली फेरी नीट झाली. ६७व्या चौकटीवर तिरक्या अक्षरांत वगळल्याची खूण होती, ती खूण मी नोंदवली. दुसऱ्या फेरीत ६६ला सोमा असे नाव लिहिले. ६७ची चौकट त्या तिरक्या अक्षरांखाली झाकलेली, नाव लागेना, म्हणून डोळा पुढे गेला आणि पुढची जानकी, पती सोमा, ही ६८ऐवजी ६७च्या ओळीत बसली. तिथून प्रत्येक नाव एक घर वर. शेवटी ९०ची ओळ रिकामी राहिली, ती मी 'नंतर पाहू' म्हणून सोडली.

सूत्र ओढले तेव्हा त्या पानावर सात ठिकाणी 'पाहा' आले, आणि त्यातले पहिले ६७ला. संपूर्ण भागात एकुलते एक 'पाहा' आले तर ती बोटाची चूक, त्या चौकटीपुरती. एकाच पानावर ओळीने पाच-सात आले तर ओळ सरकली आहे, आणि पहिल्या 'पाहा'वर किंवा त्याच्या जरा वर कुठेतरी सरकण्याची जागा सापडते. अशा वेळी एकेक ओळ दुरुस्त करत बसू नका. नावाचे चारही रकाने त्या जागेपासून एक घर खाली ढकला, झाकलेल्या चौकटीच्या ओळीत नावाच्या जागी [वाचता येत नाही] असे लिहा, आणि पुन्हा सूत्र पाहा. माझ्या पानावर सातही एकदम गेले.

वगळल्याची खूण असलेल्या चौकटी सोडून द्यायचा मोह फार होतो. 'माणूसच नाही तर नाव कशाला?' पण आपल्या भागात हीच चौकट कामाची असते. खुणेसोबत एक अक्षर असते: `E` म्हणजे मृत, `S` म्हणजे स्थलांतरित, `R` म्हणजे दुबार, `M` म्हणजे सापडत नाही, `Q` म्हणजे अपात्र. दिवाळी झाली की मोखाडा-जव्हारची कितीतरी घरे भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर नाहीतर रेतीवर, बांधकामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात दाराला कडी दिसली म्हणून कोणाला `S` किंवा `M` लागले असेल तर ते पाड्यात बसून विचारल्यावरच कळते, आणि विचारायला नाव हवे. झाकलेले नाव आधीच्या वर्षीच्या यादीतून, ओळखपत्र क्रमांकावरून, सापडते. परत नोंदवायचे तर फॉर्म ६, चुकलेले सुधारायचे तर फॉर्म ८. तो पुढचा विषय.

ओळखपत्राचा क्रमांक वाचायला सोपा आहे, कारण त्याला ठरलेला साचा आहे: आधी तीन इंग्रजी अक्षरे, मग सात अंक. तिसऱ्या जागेवर गोल दिसला तर तो `O`, चौथ्या जागेवर दिसला तर शून्य. `B` आणि 8, `S` आणि 5, `I` आणि 1 यांचा निकाल असाच जागेवरून लागतो. जुन्या ओळखपत्रांचा साचा वेगळा होता, `MT` ने सुरू होणारा आणि तिरक्या रेघांनी तोडलेला. तो आला तर रेघांसकट जसाच्या तसा उतरवा, नव्या साच्यात कोंबू नका. रकाना आधीच 'मजकूर' म्हणून ठरवून ठेवा.

वयाला असा साचा नाही, पण मर्यादा आहे. देवनागरी अंकांत १ आणि ९ हे बारीक छपाईत जुळे भाऊ. ७२व्या चौकटीत वयाचे दोन अंक आहेत आणि दोन्ही १ किंवा ९ वाटतात. म्हणजे ११, १९, ९१, ९९ यांपैकी एक. ११ होऊ शकत नाही, कारण अठराच्या आतला माणूस यादीत येत नाही. शेजारी ७०व्या चौकटीत बावन्न वर्षांचा पुरुष आहे आणि त्याच्या वडिलांचे नाव ७२मधल्या नावाशी जुळते. मग १९ गेले. उरले ९१ आणि ९९. इथे थांबायचे. '९[?]' असे लिहायचे आणि शेऱ्यात दोन्ही शक्यता. पुढच्या वर्षीच्या यादीत तोच माणूस ९२ किंवा १०० म्हणून येईल आणि निकाल लागेल. तर्काने पोचलेला आकडा छापलेल्या आकड्यासारखा लिहिला की नंतर तो तर्क होता हे तुम्हालाही आठवत नाही.

नावांकडे आता येऊ, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथेच होते, आणि ती बारीक टाइपामुळे कमी, शिकलेल्या डोक्यामुळे जास्त होते. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या जुन्या पिढीतली नावे जन्मवाराची असतात: सोमा, मंगळ्या, बुध्या, शुकऱ्या, बायकांत सोमी, मंगळी, बुधी, शुकरी. शहरात टाइप करणारा 'बुध्या' वाचून 'बुद्धा' करतो, 'शुकऱ्या'चा 'शुक्राचार्य' व्हायचा तेवढा बाकी राहतो. आडनावांचे तसेच. घाटाळ, वारघडे, भोये, गावित, महाला ही नावे ज्याच्या कानावर नाहीत तो महालाचे महाले आणि भोयेचे भोईर करून मोकळा होतो, आणि भोईर हेही इथले खरे आडनाव असल्यामुळे चूक कोणालाच चूक वाटत नाही. अक्षर ओळखणाऱ्या प्रणालीचे वागणे याच जातीचे. अनोळखी शब्द तिला चुकीचा वाटतो आणि ती जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे झुकते.

म्हणून नियम एकच ठेवा: छापले आहे तसे. यादीतच चूक असेल, आणि असतेच, तरी नावाच्या रकान्यात ती चूकच उतरवा आणि बरोबर नाव शेऱ्यात लिहा. यादीत 'बुद्या' असेल आणि तुम्ही प्रेमाने 'बुध्या' केलेत, तर त्या माणसाच्या आधार कार्डाशी आणि सातबाऱ्याशी यादी का जुळत नाही ते उद्या सापडणार नाही. दुरुस्तीचा अर्ज करायचा तर चूक नेमकी काय आहे ते दाखवावे लागते.

छपाईतले नेहमीचे फसवे जोड घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, प आणि ष हे आहेत. यात शिरोरेषेकडे पाहायची सवय लावा. ध, भ आणि थ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. घ, म आणि य यांची सलग. बारीक टाइपात पोटातली वळणे शाईने भरून जातात, पण शिरोरेषेतली फट बहुतेक वेळा टिकते. ब आणि व यांत मात्र पोटातली तिरकी रेघच फरक करते आणि तीच आधी भरते. तिथे त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या चौकटीत तेच आडनाव शोधा. एका घरातल्या पाच चौकटींत आडनाव पाच वेळा छापलेले असते, पाचही वेळा शाई सारखी पसरत नाही. ऱ्ह सारखी जोडाक्षरेही सांभाळा. मोऱ्हांडा आणि मोर्हांडा संगणकाला दोन गावे वाटतात.

एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने टाइप करायचे ही पद्धत आपल्याकडे आवडती आहे, वेळही बरा जातो. पण नावांसाठी ती टाळा. आपल्याकडे अनेकांच्या बोलण्यात ण आणि न, ळ आणि ल एकमेकांच्या जागी येतात. वाचणारा घाटाळ पाहून घाटाल म्हणतो, टाइप करणारा ऐकले ते लिहितो, दोघेही आपापल्या जागी बरोबर. त्यापेक्षा दोघांनी तेच पान वेगवेगळे उतरवा आणि दोन तक्ते शेजारी ठेवून तुलना करा. दोघांनी एकाच जागी एकच चूक करण्याची शक्यता फार थोडी. जिथे दोन नोंदी वेगळ्या तिथेच मूळ पान पुन्हा पाहायचे. पूर्ण भाग दोनदा उतरवायला माणसे नसतील तर निदान दर पाचवे पान तसे करा. एका पानावर दोन-तीनपेक्षा जास्त फरक निघाले तर मधली पानेही तशीच आहेत असे समजा.

शेवटचा ताळा शेवटच्या पानावरच्या आकड्यांशी. खूण नसलेल्या ओळी मोजा. आपल्या उदाहरणात यादी म्हणते पुरुष ३७१, स्त्रिया ३८३, एकूण ७५४. तुमच्याकडे ३७२ आणि ३८२ आले तर एकूण बरोबर आहे, म्हणजे कोणी सुटलेले नाही. एका स्त्रीपुढे पुरुष लिहिले गेले आहे. 'पाहा'चे सूत्र तिला पकडेल, जर ती पतीच्या नावाने नोंदलेली असेल. वडिलांच्या नावाने असेल तर पकडणार नाही, मग पुरुषांची यादी नावाप्रमाणे लावून डोळ्यांनी चाळावी लागते. एकूणच चुकत असेल तर अनुक्रमांकाच्या रकान्यात खालच्यातून वरचा वजा करा. उत्तर सगळीकडे १ यायला हवे. जिथे २ आले तिथे चौकट गेली, जिथे शून्य आले तिथे दोनदा आली. अंक देवनागरीत टाइप केले असतील तर तक्ता बेरीज-वजाबाकी नीट करीलच असे नाही, म्हणून अनुक्रमांक आणि वय इंग्रजी अंकांत भरा, छापील प्रत काढताना बदलता येतात.

जुन्या याद्या वेगळ्या. आजोबांचे नाव शोधणारे, वनहक्काच्या दाव्याला रहिवासाचा जुना कागद जोडू पाहणारे लोक त्या घेऊन येतात. तिथे चौकटी नसतात. एका आडव्या ओळीत एक मतदार आणि ओळ अरुंद रकान्यांत तुटलेली: अनुक्रमांक, घर, नाव, नाते, नातलग, लिंग, वय. इथे डोळा डावी-उजवीकडे जाताना ओळ बदलतो आणि एकाचे नाव दुसऱ्याच्या वयाला लागते. यावर पुठ्ठ्याचा तुकडा हेच औजार. एका ओळीच्या उंचीएवढी, पानाच्या रुंदीची खाच पाडा आणि ती खाली सरकवत जा. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पानालाही हाच पुठ्ठा चालतो. फक्त तिथे एकच आडनाव अनेक ओळींसाठी एकदाच छापलेले असू शकते, ते प्रत्येक ओळीत भरून घ्यायचे, आणि पत्ता लांबला म्हणून खालच्या ओळीत आत सरकवून छापलेला मजकूर नवा माणूस समजायचा नाही. ती ओळ नंबरावर संपत नसेल तर खालची तिचीच.

तयार झालेला तक्ता कोणाकडे जातो याचा विचार काम सुरू करतानाच करा. यादी सार्वजनिक असली तरी कागदावरच्या ७७३ चौकटी आणि वय, ओळखपत्र क्रमांकासह शोधता येणारी फाइल यांत अंतर आहे. पाड्यातल्या बैठकीला अनुक्रमांक, नाव आणि खूण एवढे तीन रकाने छापून न्या. मूळ तक्ता गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. बैठकीला नेलेल्या प्रतीत टाइप मोठा ठेवा, पंधरा-सोळा पॉइंट तरी; नाहीतर म्हाताऱ्या माणसांसमोर तुम्ही तेच बारीक पान पुन्हा ठेवता.